एक सूत जागा

कारखान्यात इंचाच्या आठव्या भागाला एक सूत म्हणतात. अर्धं सूत, पाव सूत, असं खाली जातं. कॉलेजात आम्हाला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिथं दशांशात मोजायचं असे. सूत मला मिस्त्रींनी शिकवलं, त्यांच्या अंगठ्याच्या नखावर.

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या तांड्यातून मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठंतरी कामाचा अनुभव घ्यावा लागे, म्हणून पुसदच्या एका जिनिंगमध्ये गेलो. हे काम मला काकीनं मिळवून दिलं. काकी त्याच जिनमध्ये रेच्यावर होती. रेचा म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी करणारं यंत्र. हंगामात ओळीनं रेचे चालत आणि प्रत्येकापुढं एक बाई उभी राहून हातानं कापूस टाकत असे. हंगाम सरला की त्यातल्या दोन-चार जणी झाडलोट आणि पोती शिवायला राहत. त्यात ती होती. माझी आई मी लहान असतानाच गेली. मला काकीनंच मोठं केलं.

काकीचे हात आधी सांगायला हवेत. आमच्या बायका लग्न झालं की मनगटापासून कोपरापर्यंत, आणि कोपराच्या वरसुद्धा, जाड पांढऱ्या बांगड्या घालत. नवरा जिवंत असेपर्यंत त्या उतरवायच्या नाहीत. काकी चालत आली की आधी तिच्या हातांचा आवाज यायचा, मग ती.

त्या वर्षी मालकांनी ठरवलं होतं की रेच्याला कापूस आपोआप पुरवणारी पेटी बसवायची. पेटीत एक फळी पुढंमागं हलते आणि कापूस रुळाकडं ढकलते. एका बाईला मग दोन रेचे बघता येतील. त्या पेटीचा नकाशा काढायला एक ड्राफ्ट्समन ठेवले होते. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. शांत माणूस. पेन्सिलीला टोक काढायला त्यांना जेवढा वेळ लागे तेवढ्यात मिस्त्रींचा चहा पिऊन होई. मिस्त्री म्हणजे जिनचे जुने फिटर. चाळीस वर्षं पट्टे आणि पुल्यांत गेलेली, कानानं जरा कमी.

पहिल्याच आठवड्यात काकी माझी भाकर घेऊन साहेबांच्या खोलीच्या दाराशी आली. आत यायला ती बिचकली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सहज विचारलं, "कोण रे?"

मी म्हणालो, "आमच्याकडची एक बाई आहे, साहेब."

का म्हणालो, ते तेव्हा मला नीट कळलं नाही. साहेबांनी काही वावगं विचारलं नव्हतं. काकीनं भाकरीचं फडकं उंबऱ्याशी ठेवलं आणि ती गेली. तिनं ऐकलं होतं की नाही, हे मी पुढं कितीतरी दिवस स्वतःलाच विचारत होतो.

साहेबांनी मला दिलेलं काम म्हणजे तपासणी. नकाशा पुरा झाला होता. तो फाउंड्रीत आणि पत्र्याच्या कामाला जाण्याआधी कोणता भाग कोणत्या भागाला अडतो ते शोधायचं. त्यांनी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. एक, हलणारा भाग त्याच्या प्रत्येक जागी कशाला लागतो का. दोन, ओतकाम जाड आलं, बुश झिजला, तरी जागा उरते का. तीन, प्रत्येक बोल्टवर पाना बसतो का आणि फिरतो का. चार, माणसाच्या हाताला जागा.

"आणि लक्षात ठेव," ते म्हणाले, "एक रेघ हलली की चारही ओळी पुन्हा पहिल्यापासून. कागदावरची चूक रबरानं जाते. ओतलेल्या बिडाची जात नाही."

फळीला हलवणारा एक दांडा होता, पेटीच्या बाहेरच्या अंगाला. नकाशात तो मधल्या जागी काढलेला होता आणि तिथं सगळं मोकळं दिसत होतं. मी दांडा ट्रेसिंग पेपरवर वेगळा उतरवला, फिरण्याच्या बिंदूवर टाचणी लावली आणि कागद नकाशावर ठेवून हळूहळू फिरवला. अगदी खालच्या टोकाला दांडा बाजूच्या चौकटीच्या फासळीसमोरून जात होता. आडव्या छेदात मोजलं, तर दोघांमध्ये एक सूत जागा होती.

एक सूत म्हणजे पुष्कळ, असं मला आधी वाटलं. मग दुसरी ओळ घेतली. फाउंड्रीची फासळी अर्धं सूत जाड येऊ शकते, असं मिस्त्री म्हणाले होते. उरलं अर्धं सूत. दांड्याचा बुश, म्हणजे तो ज्यात फिरतो ती नळी, दोन इंच लांब, दांडा आठ इंच. बुशात सुताच्या आठव्या भागाइतकी ढिलाई असली तर चौपट लांबीच्या टोकाला ती चौपट होते, म्हणजे अर्धं सूत. उरलं काहीच नाही. आणि बुश तर पहिल्याच हंगामात आणखी झिजणार.

मी हा हिशेब चार वेळा केला. मग भीत भीत साहेबांना दाखवला. त्यांनी स्वतः टाचणी लावून कागद दोनदा फिरवला.

"मिस्त्री," त्यांनी हाक मारली, "हे बघा. पोरानं आपली अब्रू वाचवली."

मिस्त्रींनी वाकून पाहिलं. "म्या तं सांगतलंच होतं, साहेब, हा पोरगा बोलत नाही, नुसता पाह्यते. अशा लोकायले भ्यावं!"

त्या दिवशी मी इतका खूश होतो की माझी भाकर तशीच राहिली. दांड्यामागं जाड वायसर घालून तो दोन सूत बाहेर घ्यायचा, असं ठरलं. मी रेघ खोडली, नवी काढली, पुन्हा ट्रेसिंग फिरवलं. दांडा आता फासळीपासून लांब होता. पहिली ओळ, दुसरी ओळ. बरोबर.

तिसरी ओळ मी पुन्हा केली नाही. बोल्ट तर हलले नव्हते, दांडाच हलला होता.

राहिली चौथी. कापूस ओला असला किंवा काड्या आल्या की पेटीच्या कोपऱ्यात गोळा होणार. तो काढायला बाजूच्या पत्र्यात एक खिडकी ठेवली होती, साडेतीन इंच उंच. पत्र्याची धार कुणाचा हात कापू नये म्हणून साहेबांनी खिडकीची कड आतल्या बाजूला अर्धा इंच वळवून घेतली होती. पत्रा चार बोल्टांवर. नियम असा की आधी यंत्राच्या मागं जाऊन पट्टा ढिल्या, नुसत्याच फिरणाऱ्या पुलीवर सरकवायचा, फळी थांबली की मगच हात घालायचा.

मी पुठ्ठ्याची खिडकी कापली, कड वळवली. साहेबांनी हात घालून बाहेर काढला. मिस्त्रींनी घातला. "आपला पंजा गेला म्हणजे हत्तीचाही जाईन," ते म्हणाले. मग मी घातला. तिघांचेही हात आरामात आत-बाहेर झाले. मी चौथ्या ओळीपुढं 'तपासले' लिहिलं आणि सही केली. नकाशे सोमवारी सकाळच्या एस. टी. नं जायचे होते.

रविवारी मी तांड्यावर गेलो. काकी ज्वारीच्या पिठाच्या मडक्यात हात घालत होती. हात घालण्याआधी तिनं दुसऱ्या हातानं सगळ्या बांगड्या कोपराकडं सरकवल्या. हे मी लहानपणापासून रोज पाहत आलो होतो. हात आत गेला, खाली झुकला, आणि दोन बांगड्या खळकन मनगटावर घसरल्या. हात वर काढताना त्या मडक्याच्या गळ्याला आतून अडल्या. तिनं मनगट जरा वळवलं आणि काढून घेतला.

मला पुठ्ठ्याची खिडकी आठवली. तिचा दुसरा हात मोकळा होता. रेच्यावर तो कापसात असेल. तिथं मनगट वळवायला वेळ नसेल. कड आत वळवलेली. मडक्याच्या गळ्यासारखीच.

"काय पाह्यतं रे?" ती म्हणाली.

"काही नाही. तुझी बांगडी केवढी आहे?"

"केवढी म्हणजे? हातायेवढी." ती हसली. "कॉलेजात आता बांगड्या शिकवतेत का?"

मी एका बांगडीवर दोरा आडवा ताणून बाहेरून बाहेर माप घेतलं. सव्वातीन इंच. साडेतीनाच्या खिडकीत वरखाली एकेक सूत. कागदावर जाते. सरळ धरली तर जाते.

सोमवारी मी लवकर पोचलो. साहेब नकाशांची गुंडाळी बांधत होते. मिस्त्री दारात उभे होते, आणि एस. टी. नं जाणारा शिपाई.

"साहेब," मी म्हणालो, "ती खिडकी जरा मोठी करावी काय?"

त्यांनी दोरी सोडली. खरंच सोडली, हे मला आजही आठवतं. "किती?"

"एक इंच तरी."

"कशासाठी? हात तर जातो आहे. इंच वाढवला तर कापूस बाहेर येईल. कारण सांग, आपण बदलू."

कारण माझ्याजवळ होतं. खिशात दोरा होता. पण कारण सांगायचं म्हणजे बांगड्या सांगायच्या, बांगड्या कुणाच्या ते सांगायचं, आणि मग ती 'आमच्याकडची एक बाई' कोण ते सांगायचं. शिपाई माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, इंजिनियरिंगच्या गोष्टीत हा बांगड्या घेऊन आला, म्हणून हसतील. साहेब हसले नसते. ते मला तेव्हाही माहीत होतं.

"नाही, असंच वाटलं," मी म्हणालो.

"वाटणं मोजून आण," ते सौम्यपणे म्हणाले आणि त्यांनी दोरी पुन्हा बांधली.

काकीला तरी सांगायचं होतं. तेही मी केलं नाही. पट्टा थांबवूनच हात घालायचा असतो, असं स्वतःला समजावलं. कॉलेज सुरू झालं आणि मी निघून गेलो.

दिवाळीनंतर हंगाम लागला तेव्हा मला चार दिवस सुट्टी होती. मालकांनी एकाच रेच्यावर पेटी बसवून पाहायची ठरवली होती आणि हुशार हात म्हणून काकीला तिथं दिलं होतं. मी गेलो तेव्हा पेटी दोन दिवसांपासून चालत होती. दांडा फासळीच्या बाजूनं मोकळा फिरत होता. मी वाकून ती जागा पाहिली आणि मला बरं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

काकी मला पाहून हसली. तिच्या पापण्यांवर रुई बसली होती. "तुह्या पेटीनं मले बसून खायची सवय लावली, बाप्पा," ती आवाजावर आवाज चढवून म्हणाली. शेजारची बाई म्हणाली, "तुह्या पुतण्याले सांग, आता भाकरी थापाचं यंत्र कर म्हणा." पुतण्या. म्हणजे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

दुपारी कापूस ओलसर आला. कोपऱ्यात गोळा झाला. पट्टा सरकवायची मूठ ओळीच्या मागं होती. तिथपर्यंत जायचं तर सात रेच्यांना वळसा घालावा लागे, आणि रेचा थांबला की मुकादम ओरडत येई. सगळ्याच जणी चालू यंत्रात हात घालत. काकीनंही घातला. तिचा डावा हात वर कापूस सावरत होता. गोळा निघाला, तिनं हात ओढला, आणि बांगड्या कडेला आतून अडल्या. फळी पुढं आली.

तिची किंकाळी मिस्त्रींनाही ऐकू गेली. त्यांनी धावत जाऊन पट्टा ढिल्या पुलीवर टाकला. मग पुली हातानं उलटी फिरवून फळी मागं घेतली. पण हात निघेना. दोन बांगड्या आडव्या होऊन कडेमागं पाचरीसारख्या बसल्या होत्या. मनगट वळवता येत नव्हतं, कारण मनगट आता तसं उरलं नव्हतं.

मिस्त्रींनी हातोडी घेतली. "बांगड्या फोडा लागन, माय."

"नाही!" तिचं तोंड पांढरं पडलं होतं, पण आवाज मोठा होता. "फोडू नका! मायवाला मालक जिता हाये!"

आमच्यात त्या फक्त एकाच वेळी फुटतात. मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली. "पाना आण," ते मला म्हणाले, "पत्राच काढू."

तीन बोल्ट निघाले. चौथा खालचा, पुढच्या कोपऱ्यातला, पत्र्याच्या बाहेर आलेल्या कानात आडवा लावलेला. त्याच्या बरोबर समोर दांडा येऊन थांबला होता. फळी मागं गेली की दांडा तिथंच येतो. मी त्याला दोन सूत बाहेर घेतला नसता तर तो बोल्टच्या आतल्या बाजूनं गेला असता आणि पाना बसला असता. आता पाना दांड्याला अडत होता. दांडा हलवावा तर फळी पुन्हा तिच्या हातावर आली असती. मिस्त्रींनी तिरपा लावून पाहिला, लहान पाना लावून पाहिला. बोल्टच्या कडा घसरल्या. खालची कापसाची रास लाल होत चालली होती.

"बाबू," मिस्त्री हळूच म्हणाले, "टाइम नाही हाय."

मी हातोडी उचलली. काकीनं माझ्याकडं पाहिलं आणि मग भिंतीकडं तोंड फिरवलं. पहिली बांगडी दोन घावांत फुटली. दुसरी एका.

यवतमाळच्या दवाखान्यात त्या हातातल्या उरलेल्या बांगड्या कापल्या आणि तिची तीन बोटं काढली. अंगठा आणि करंगळी राहिली, पण पंजा वळेना. काका बाहेर व्हरांड्यात बसून होते, धडधाकट. तांड्यातल्या म्हाताऱ्या येऊन आधी त्यांच्याकडं बघत, मग आत जात.

तिसऱ्या दिवशी मी साहेबांकडं गेलो. दोरा अजून त्याच सदऱ्याच्या खिशात होता. मी तो टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मडकं, सव्वातीन इंच, आणि ती माझी काकी आहे हे. चौथा बोल्टही सांगितला. साहेब रागावतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि दोरा हातात घेतला.

"सोमवारी तू हे घेऊन आला होतास," ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

"हो."

"सही माझीही आहे," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी नवा कागद लावला. खिडकी सहा इंचांची केली, तिला झाकण दिलं, आणि झाकण उघडल्याशिवाय हात जाऊ नये आणि उघडलं की पट्टा सरकावा, अशी साखळी काढली. चौथ्या ओळीत 'माणसाच्या हाताला जागा' खोडून त्यांनी 'बांगड्या घातलेल्या हाताला जागा' असं लिहिलं. मग पेन्सिल माझ्याकडं दिली. चारही ओळी मी पहिल्यापासून केल्या. दिवस मावळेपर्यंत करत होतो.

काकी पुन्हा रेच्यावर गेली नाही. फाल्गुनात मी तांड्यावर गेलो तेव्हा तिचा उजवा हात कोपरापर्यंत उघडा होता. तो तसा मी कधीच पाहिला नव्हता. बांगड्या असत तिथली कातडी फिकट होती, दुसऱ्या कुणाची असावी तशी. बांगड्यावाला उमरखेडच्या बाजारात येई. पण पंजा मिटत नसल्यानं जुन्या मापाची बांगडी चढत नव्हती.

"तू मापं घेतं ना," ती म्हणाली, "घे मग. त्याले आकडा सांगा लागते."

मी दोरा आणला. पंजाभोवती गुंडाळताना तिनं दात दाबले. जिथं बोटं होती तिथं हाड पुढं आलं होतं. मी माप घेतलं, दोऱ्याला गाठ मारली, आणि मग बोललो. खिडकीचं मला आधीच कळलं होतं, हे. नकाशा जायच्या आधी.

तिनं हात मागं घेतला नाही. "मंग तवा काहून नाही बोलला?"

"लाज वाटली."

तिनं दोऱ्याचं लोंबतं टोक डाव्या हातानं धरलं.

"यंत्राची?" ती म्हणाली. मग म्हणाली, "का मायी?"

मी गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. ती पक्की होती. काकीनं तो दोरा माझ्या हातातून डाव्या हातानं घेतला, लुगड्याच्या ओच्यात खोचला, आणि बाजारात मी तिच्याबरोबर यायची गरज नाही, असं सांगितलं.